धातूच्या पत्र्यासमोरचा स्थिर तरंग

धातूच्या सपाट पत्र्यावर रेडिओ तरंग सरळ समोरून आदळला की तो जवळजवळ पूर्णपणे परत फिरतो. मग पत्र्यासमोरच्या एकाच जागेत दोन तरंग असतात, एक येणारा आणि एक परतणारा. त्यांची बेरीज मात्र कुठेच जाताना दिसत नाही. पत्र्यापासून ठरावीक अंतरांवर विद्युतक्षेत्र सतत शून्य राहते आणि अशा दोन जागांच्या मधोमध ते एकट्या तरंगाच्या दुप्पट जोराने खालीवर होत राहते. या रचनेला स्थिर तरंग म्हणतात. जिथे क्षेत्र कायम शून्य असते ती जागा म्हणजे निस्पंद आणि जिथे ते सर्वांत जोरकस असते ती प्रस्पंद.

या रचनेतून दोन वेगवेगळ्या गोष्टी कळतात. लगतच्या दोन निस्पंदांमधले अंतर नेहमी अर्धी तरंगलांबी असते, म्हणून त्यावरून तरंगलांबी मोजता येते. परावर्तन होताना तरंगाचे काय झाले हे मात्र त्या अंतरावरून कळत नाही. ते कळते पहिला निस्पंद पत्र्यापासून किती दूर आहे यावरून. धातूच्या बाबतीत पहिला निस्पंद थेट पत्र्यावरच असतो आणि परावर्तनात विद्युतक्षेत्र उलटे होते याची ती खूण आहे.

पत्र्यात काय घडते

हिशेब सोपा राहावा म्हणून भौतिकशास्त्रात दोन आदर्श कल्पना धरल्या जातात. पहिली समतल तरंगाची. या तरंगाचे माथे एकामागोमाग एक येणाऱ्या सपाट, समांतर प्रतलांसारखे असतात आणि त्याचा जोर अंतरानुसार घटत नाही. त्याचे विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना काटकोनात असतात आणि दोन्ही तरंगाच्या दिशेलाही काटकोनात असतात. त्यामुळे समोरून येणाऱ्या तरंगाचे विद्युतक्षेत्र पत्र्याच्या पृष्ठभागाला समांतर असते. दुसरी कल्पना आदर्श वाहकाची. ज्या पदार्थात विद्युतप्रवाहाला अजिबात विरोध नाही, तो आदर्श वाहक. अशा वाहकाच्या आत रेडिओ तरंगाचे विद्युतक्षेत्र टिकूच शकत नाही, कारण क्षेत्र जरासे जरी निर्माण झाले तरी मोकळे इलेक्ट्रॉन लगेच हलतात आणि ते पुसून टाकतात.

हे पुसणे कसे होते ते पाहिले की कलेचा पालट आपोआप समजतो. येणाऱ्या तरंगाचे विद्युतक्षेत्र पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांना खालीवर हलवते. हलणारे इलेक्ट्रॉन म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह. पृष्ठभागावर पसरलेला असा प्रवाह स्वतः नवा तरंग बाहेर टाकतो आणि तोही दोन्ही बाजूंना सारखाच, म्हणजे एक धातूच्या आत आणि एक मागे, मूळ तरंग आला त्या बाजूला. धातूच्या आत एकूण क्षेत्र शून्य राहायचे तर आत जाणारा नवा तरंग मूळ तरंगाइतकाच मोठा आणि नेमका उलटा असला पाहिजे. मूळ क्षेत्र वर असेल त्या क्षणी नव्याचे क्षेत्र तेवढेच खाली हवे. दोन्ही बाजूंना तरंग सारखाच जात असल्याने मागे फिरणारा तरंगही पृष्ठभागावर तितकाच मोठा आणि तितकाच उलटा असतो. हाच परावर्तित तरंग.

तरंग आपल्या एका आवर्तनात कोणत्या टप्प्यावर आहे, हे त्याच्या कलेवरून सांगितले जाते. पूर्ण आवर्तन म्हणजे ३६० अंश. माथ्याच्या जागी तळ आणि तळाच्या जागी माथा येणे म्हणजे अर्धे आवर्तन, अर्थात १८० अंशांचा फरक. धातूवरून परतताना विद्युतक्षेत्रात हाच १८० अंशांचा पालट होतो. खुंटीला घट्ट बांधलेल्या दोरीतून गेलेला झटका खुंटीवरून उलटा होऊन परत येतो, तसेच हे आहे. खुंटी दोरीचे टोक हलू देत नाही आणि धातू आपल्या पृष्ठभागावर विद्युतक्षेत्र उभे राहू देत नाही.

दोन तरंगांची बेरीज

पत्र्यापासूनचे अंतर d, तरंगलांबी λ, वारंवारता f आणि येणाऱ्या तरंगाच्या विद्युतक्षेत्राचे कमाल मूल्य E₀ मानले, तर येणारा आणि उलटा होऊन परतणारा अशा दोन्ही तरंगांची बेरीज पुढीलप्रमाणे येते. सुरुवातीचे चिन्ह वेळ कुठून मोजायची यावर अवलंबून असल्याने ते येथे सोडले आहे.

E = 2E₀ sin(2πd/λ) sin(2πft)

या सूत्रात अंतर आणि वेळ वेगवेगळ्या गुणकांत आहेत, हे सर्वांत महत्त्वाचे. धावणाऱ्या तरंगात ती दोन्ही एकाच गुणकात गुंफलेली असतात आणि म्हणूनच तरंगाचा आकार पुढे सरकताना दिसतो. येथे पहिला गुणक फक्त जागेवर अवलंबून आहे. कोणत्या जागी क्षेत्र किती जोराने हलणार हे तो ठरवतो. दुसरा गुणक सगळीकडे सारखा आहे. सगळी जागा एकाच तालात हलते, फक्त प्रत्येक निस्पंद ओलांडला की हलण्याची दिशा उलटते.

d शून्य असताना, म्हणजे पत्र्यावरच, पहिला गुणक शून्य होतो. त्यानंतर अर्धी तरंगलांबी, एक तरंगलांबी, दीड तरंगलांबी अशा अंतरांवर तो पुन्हा शून्य होतो. ही निस्पंदांची ठिकाणे. पत्र्यापासून पाव तरंगलांबीवर तो कमाल होतो. तेथे पहिला प्रस्पंद असतो आणि पुढचे प्रस्पंदही अर्ध्या-अर्ध्या तरंगलांबीने येत जातात.

अर्ध्या तरंगलांबीचे कारण साधे आहे. पत्र्यापासून थोडे दूर सरकले तर परतलेल्या तरंगाला तेवढे अंतर जाताना आणि तेवढेच येताना, असे दुप्पट जास्त चालावे लागलेले असते. म्हणून अर्धी तरंगलांबी सरकल्यावर दोन्ही तरंगांमध्ये एका पूर्ण तरंगलांबीचा फरक पडतो आणि परिस्थिती पुन्हा पहिल्यासारखी होते. या युक्तिवादात कलेचा पालट कुठेच येत नाही. पालट झाला नसता, तरी निस्पंदांमधले अंतर अर्धी तरंगलांबीच राहिले असते. फक्त सगळी रांग पाव तरंगलांबीने सरकली असती आणि पत्र्यावर निस्पंदाऐवजी प्रस्पंद आला असता.

चुंबकीय क्षेत्र उलटत नाही

तरंगाची दिशा, विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांचे नाते पक्के असते. त्यांतील दोन गोष्टींच्या दिशा कळल्या की तिसरीची आपोआप ठरते. परावर्तनात तरंगाची दिशा उलटली आणि विद्युतक्षेत्रही उलटले. दोन गोष्टी एकदम उलटल्यामुळे चुंबकीय क्षेत्राची दिशा आहे तशीच राहते. म्हणून पृष्ठभागावर दोन्ही तरंगांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांत मिळतात आणि तेथे चुंबकीय क्षेत्राचा प्रस्पंद तयार होतो.

धातूच्या आत चुंबकीय क्षेत्र शून्य आणि बाहेर लगेच दुप्पट, हा एवढा मोठा फरक पृष्ठभागावरून वाहणारा प्रवाहच पेलतो. येणाऱ्या तरंगाचे विद्युतक्षेत्र मीटरला १० व्होल्ट असेल, तर प्रस्पंदावर ते २० व्होल्ट होते आणि पत्र्याच्या एक मीटर रुंदीतून सुमारे ५३ मिलीअँपिअर प्रवाह खालीवर वाहतो.

याचा अर्थ चुंबकीय क्षेत्राचे प्रस्पंद विद्युतक्षेत्राच्या निस्पंदांवर पडतात आणि त्याचे निस्पंद विद्युतक्षेत्राच्या प्रस्पंदांवर. वेळेच्या हिशेबातही दोन्ही क्षेत्रे पाव आवर्तनाने मागेपुढे असतात. एका क्षणी विद्युतक्षेत्र सगळीकडे शून्य असते आणि सारी ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात असते. पाव आवर्तनानंतर ती सारी विद्युतक्षेत्रात येते. प्रत्येक निस्पंद आणि त्याच्या शेजारचा प्रस्पंद यांच्यामध्ये ऊर्जा अशी मागेपुढे होत राहते, पण सरासरीने ती कुठेच वाहून जात नाही. प्रस्पंदावर विद्युतक्षेत्र दुप्पट, म्हणजे त्याची ऊर्जा चौपट होते, तर निस्पंदावर ती शून्य असते. दोहोंची सरासरी एका तरंगाच्या ऊर्जेच्या दुप्पट भरते आणि दोन तरंग एकत्र आल्यावर एवढीच ऊर्जा असायला हवी.

मोजमाप करताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो. सरळ दांड्याचा लहान अँटेना विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देतो, तर तारेचे छोटे वेटोळे योग्य दिशेने धरले की चुंबकीय क्षेत्राला. एकाच पत्र्यासमोर दोघांना निस्पंद वेगवेगळ्या जागी सापडतात आणि दोघेही बरोबर असतात.

प्रयोगशाळेतले एक मोजमाप

महाविद्यालयीन प्रयोगशाळांमध्ये १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारे सूक्ष्मतरंगांचे संच वापरले जातात. या वारंवारतेला तरंगलांबी २८.६ मिलिमीटर आणि निस्पंदांमधले अंतर सुमारे १४.३ मिलिमीटर येते, म्हणजे साध्या मोजपट्टीने मोजता येईल इतके. एका टोकाला हॉर्न अँटेना, दुसऱ्या टोकाला साधारण ३० सेंटीमीटर चौरस ॲल्युमिनियमचा पत्रा आणि दोहोंच्या मध्ये पट्टीवरून सरकणारा, डायोड बसवलेला लहान शोधक, अशी मांडणी असते. शोधक सरकवला की मीटरचा काटा चढतो आणि उतरतो.

समजा, पत्र्याजवळचा पहिला नीचांक पत्र्यापासून १४ मिलिमीटरवर आणि अकरावा १५७ मिलिमीटरवर सापडला. दोहोंमध्ये दहा अंतरे आहेत, म्हणून एक अंतर १४.३ मिलिमीटर आणि तरंगलांबी २८.६ मिलिमीटर. तिला वारंवारतेने गुणले की सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचा वेग मिळतो. दहा अंतरे एकदम मोजण्यात शहाणपण आहे. वाचनात एक मिलिमीटरची चूक झाली, तर एकाच अंतरावरून काढलेले उत्तर सात टक्क्यांनी चुकते, पण दहा अंतरांवर वाटली गेलेली तीच चूक एका टक्क्याच्याही आत राहते. नोंद नीचांकाची करण्यामागेही कारण आहे. नीचांकाजवळ मीटरची संवेदनशीलता वाढवून ती जागा बारकाईने हेरता येते. उच्चांकाशी काटा आधीच पट्टीच्या टोकाकडे गेलेला असतो, त्यामुळे तेथे ही सोय नाही.

याच नोंदींवरून कलेचा पालटही तपासता येतो. पहिल्या नीचांकापासून पत्र्याकडे आणखी एक अंतर मागे गेले, तर १४ वजा १४.३, म्हणजे पत्र्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते. मोजमापाच्या अचूकतेपुरते बोलायचे तर एक निस्पंद पत्र्यावरच आहे. पालट नसता, तर पहिले नीचांक साधारण ७ आणि २१ मिलिमीटरवर दिसले असते. एवढा फरक मोजपट्टीवर सहज कळतो.

नीचांक शून्यावर का उतरत नाही

प्रत्यक्ष प्रयोगात नीचांक बहुधा पूर्ण शून्य नसतो. त्याचा दोष धातूवर टाकण्याचा मोह होतो, पण तो सहसा धातूचा नसतो. तांबे आदर्श वाहक नाही हे खरे. १० गिगाहर्ट्झच्या आसपास तरंग तांब्यात सुमारे ०.६६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आत शिरून विरतो. तरीही तांबे येणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम ०.०३ टक्के शोषते. पृष्ठभागावर उरलेले विद्युतक्षेत्र प्रस्पंदावरच्या क्षेत्राच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतके असते. साध्या मीटरवर ते दिसणारही नाही.

खरे कारण बहुतेक वेळा तरंगात असते. हॉर्नमधून निघणारा तरंग पूर्ण समतल नसतो. तो पसरत जातो आणि अंतरानुसार त्याचा जोर घटतो. पत्र्यापासून लांबच्या जागी परतलेल्या तरंगाला जास्त अंतर चालून यावे लागते, म्हणून तो येणाऱ्यापेक्षा क्षीण असतो आणि त्याला पूर्ण पुसू शकत नाही. परतणारा तरंग येणाऱ्याच्या नव्वद टक्के असेल, तर नीचांक एक दशांश आणि उच्चांक १.९ पट होतो. पत्र्याजवळ नीचांक खोल आणि हॉर्नकडे जाताना उथळ होत गेलेले दिसले, तर कारण हेच आहे हे ओळखावे.

दुसरी अडचण हॉर्नची. परतलेल्या तरंगाचा काही भाग हॉर्नवरून पुन्हा पत्र्याकडे फिरतो. पत्रा थोडा पुढेमागे केल्यावर शोधकावरचे उच्चांकही मोठ्या प्रमाणात बदलले, तर हा दुहेरी परावर्तनाचा परिणाम समजावा. तिसरी चूक तिरपेपणाची. तरंग काटकोनात न आदळता θ कोनाने तिरपा आदळला, तर निस्पंदांमधले अंतर λ/(2 cos θ) होते. पत्रा २० अंश तिरपा राहिला, तर अंतर सहा टक्क्यांनी जास्त भरते आणि तरंगलांबी तेवढीच फुगवून काढली जाते.

हर्ट्झचा जस्ताचा पत्रा

विद्युतचुंबकीय तरंग हवेतून खरोखर धावतात हे दाखवताना जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी स्थिर तरंगाचाच आधार घेतला. हे काम १८८८ मध्ये कार्ल्सरुह येथील तंत्रशिक्षण संस्थेच्या व्याख्यान-दालनात झाले. भिंतीवर चार मीटर उंच आणि दोन मीटर रुंद जस्ताचा पत्रा लावला होता आणि ठिणग्यांवर चालणारा प्रेषक त्याच्यापासून १३ मीटरवर ठेवला होता. शोधक म्हणजे ३५ सेंटीमीटर त्रिज्येचे तारेचे वर्तुळ. त्याच्या बारीक फटीत उडणारी ठिणगी जागेनुसार आणि वर्तुळ धरण्याच्या दिशेनुसार जोर धरत होती किंवा मंदावत होती. त्यावरून हर्ट्झ यांनी निस्पंदांची ठिकाणे काढली. त्यांच्यातले अंतर सुमारे ४.८ मीटर, म्हणजे तरंगलांबी ९.६ मीटर आली.

या प्रयोगात निस्पंदांमधले अंतर आणि पहिल्या निस्पंदाची जागा यांची फारकत स्पष्ट दिसते. हर्ट्झ यांच्या मोजमापानुसार पहिला निस्पंद पत्र्यावर न येता सुमारे ७० सेंटीमीटर पत्र्याच्या मागे असावा, असे निघत होते. आदर्श वाहकाच्या सिद्धांतात हे बसत नाही. पण हा पत्रा तरंगलांबीच्या निम्माही उंच नव्हता. प्रयोगशाळेतला ३० सेंटीमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा दहा तरंगलांबींइतका मोठा असतो. त्यामानाने हर्ट्झ यांचा पत्रा म्हणजे तरंगाच्या वाटेतला लहानसा तुकडा होता. कडांवरून तरंग वळत होता आणि दालनाच्या बाकीच्या भिंतीही त्यात भर घालत होत्या. म्हणून हर्ट्झ यांनी तरंगलांबी पत्र्यापासूनच्या अंतरावरून काढली नाही, ती निस्पंदांच्या परस्पर अंतरावरून काढली. तरीही दालन अपुरेच पडले. हवेतला तरंग आणि तारेवरून धावणारा तरंग यांचे वेग त्यांच्या मोजमापात वेगळे आले. हे वेग सारखेच आहेत हे जिनिव्हात साराझाँ आणि द ला रीव्ह यांनी १८९३ मध्ये बरीच मोठी धातूची भिंत वापरून दाखवले.

प्रकाशाचे निस्पंद

प्रकाशही विद्युतचुंबकीय तरंगच आहे, म्हणून आरशासमोर त्याचाही स्थिर तरंग तयार होतो. अडचण फक्त मापाची. जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० नॅनोमीटर धरली, तर निस्पंदांमधले अंतर २०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. एवढ्या अंतरात सरकवता येईल असा शोधक नसतो. जर्मनीत ओटो विनर यांनी १८९० मध्ये यावर तोड काढली. त्यांनी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण तिसाव्या भागाइतका पातळ, पारदर्शक आणि प्रकाशसंवेदी थर काचेवर दिला आणि ती काच चांदीच्या आरशाशी अगदी अल्प कोन करून ठेवली. तिरप्या थराने निस्पंद आणि प्रस्पंद एकामागोमाग छेदले. थर आरशापासून दर पाच हजार मिलिमीटरला एक मिलिमीटर उचललेला असेल, तर २०० नॅनोमीटरचे अंतर त्याच्यावर एक मिलिमीटरभर ताणले जाते. थर धुतल्यावर काळे आणि स्वच्छ पट्टे एकाआड एक दिसले.

आरशाला थर टेकतो तेथे काय झाले हे यातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण. त्या जागी थर काळा पडला नाही. म्हणजे प्रकाशसंवेदी थरावर परिणाम करणाऱ्या क्षेत्राचा आरशावर निस्पंद असतो. परावर्तनात विद्युतक्षेत्र उलटते आणि चुंबकीय क्षेत्र उलटत नाही, हे मान्य केले की निष्कर्ष सरळ निघतो: फोटोच्या थरावरची रासायनिक क्रिया विद्युतक्षेत्र घडवते, चुंबकीय क्षेत्र नाही. मग पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, गाब्रिएल लिपमान यांनी फोटोच्या थरामागे पाऱ्याचा आरसा ठेवून रंगीत छायाचित्र घेण्याची रीत जाहीर केली. प्रत्येक रंगाचे प्रस्पंद थराच्या जाडीत आपापल्या अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने चांदीचे पापुद्रे उमटवतात. नंतर पांढरा प्रकाश टाकला की ते पापुद्रे तोच रंग परत पाठवतात. या कामासाठी लिपमान यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाशाच्या वारंवारतेला मात्र धातू आदर्श वाहकापासून बराच दूर जातो. त्यातले इलेक्ट्रॉन इतक्या जलद बदलणाऱ्या क्षेत्राला पूर्ण साथ देऊ शकत नाहीत. म्हणून तरंगाचा काही भाग शोषला जातो आणि कलेचा पालट नेमका १८० अंशांचा राहत नाही. निस्पंदांची सगळी रांग पृष्ठभागापासून तरंगलांबीच्या छोट्याशा अंशाने सरकते. निस्पंदांमधले अंतर त्याने बदलत नाही. रांग किती सरकली हे मोजले, की तो धातू आदर्श वाहकापासून किती ढळला आहे याचा अंदाज त्यातूनच बांधता येतो.